वीसपैकी अकरा

परीक्षेला बरोबर एक आठवडा उरला, तेव्हा त्यानं वेळापत्रक लिहायला घेतलं. हॉस्पिटलच्या औषध दुकानात चौदा वर्षं काउंटरवर काढलेला माणूस. हाताला एकच लिहिणं ठाऊक. कागदावर डावीकडे वार लिहिले, समोर विषय, त्याच्यापुढे वेळ, आणि शेवटी एक रिकामा रकाना, घेतलं की खूण करायला. सासूबाईंनी चष्मा वर करून कागद पाहिला आणि विचारलं, की हे जेवणाआधी घ्यायचं की जेवणानंतर.

तो हसला नाही. पण कागद त्यांच्याच हातात देऊन म्हणाला, "तुम्हीच सांभाळा. माझ्याकडे राहिला तर मी रोज बदलत बसेन."

रविवारी तिन्ही विभागांची पूर्ण सराव परीक्षा, कुठं किती पाणी आहे ते कळायला. सोमवारी टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी. मंगळवारी तक्ते आणि आलेख. बुधवारी उतारे. गुरुवारी मांडणीची कोडी. शुक्रवारी पुन्हा एक पूर्ण सराव परीक्षा, आणि शनिवारी हलकंफुलकं, फक्त चुकांची वही. नवीन धडा कुठलाच उघडायचा नाही, हे खाली दोनदा अधोरेखित केलं होतं. पहाटे सहा ते आठ उजळणी. मग लेकीला शाळेत सोडायचं. नऊ वाजता वीस प्रश्नांची चाचणी, चाळीस मिनिटांची, कारण खरा पेपरही नऊलाच होता. त्यानंतर तासभर चुका तपासायच्या आणि दोन वाजता कामावर. या आठवड्यात त्याची दुपारची पाळी होती, दोन ते दहा.

खरं तर सगळं त्या पाळीसाठीच चाललं होतं. हॉस्पिटलच्या भांडाराचा मुख्य पुढच्या महिन्यात निवृत्त होत होता. त्याची जागा सकाळी नऊ ते पाच अशी होती आणि व्यवस्थापनाच्या शनिवार-रविवारच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालेल्या माणसालाच ती द्यायची, असं वरच्यांनी ठरवलं होतं. नोकरी करणाऱ्यांसाठीच तो अभ्यासक्रम होता आणि त्याची प्रवेश परीक्षा वर्षातून एकदाच व्हायची. इकडे सासूबाईंच्या मुलाकडे, म्हणजे त्याच्या मेहुण्याकडे, पाळणा हलणार होता. सून माहेर नसलेली. मेहुण्यानं दोनदा फोन करून आईला बोलावलं होतं. सासूबाई नाही म्हणत नव्हत्या आणि हो पण म्हणत नव्हत्या. त्या गेल्या, की त्याची नऊ वर्षांची लेक मनी दुपारी शाळेतून येऊन रात्री दहापर्यंत घरात एकटी. इतकी साधी गोष्ट होती. दिवसाची जागा मिळाली तर सगळं जुळत होतं. नाहीतर सासूबाईंना एका नातवंडासाठी दुसऱ्याला सोडावं लागणार होतं, आणि ते त्यांच्यावर ढकलायला तो तयार नव्हता.

बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. सासूबाई तेव्हा तेराव्याला म्हणून थांबल्या त्या थांबल्याच.

रविवारच्या सराव परीक्षेत त्याला एकशेऐंशीपैकी त्रेसष्ट मिळाले. बरोबर उत्तराला तीन गुण, चुकीच्याला एक वजा, आणि सोडलेल्याला शून्य. मागच्या वर्षी प्रवेश शहाण्णवला थांबला होता, शिवाय प्रत्येक विभागात तीस तरी हवेतच. सासूबाईंनी उत्तरांचं पान धरून टिंबं करत पेपर तपासला आणि म्हणाल्या, की यात एकही उत्तर चुकलेलं नाही. मग एवढे कमी कसे?

"एकवीसच सोडवले," तो म्हणाला. "साठातले एकवीस."

"आणि बाकीचे?"

"तिथपर्यंत पोचलोच नाही."

त्याचं कारण त्याला ठाऊक होतं. औषधाच्या दुकानात हिशेब दोनदा होतो. एकदा सरळ, एकदा उलट्या बाजूनं. मग दुसरा माणूस पाहतो आणि सही करतो. त्याच्या पाळीत ही दुसरी सही करणारी एक बाई होती, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी, आणि सगळं हॉस्पिटल तिला 'दुसरी सही' याच नावानं ओळखायचं. पगाराच्या यादीतलं तिचं नाव काय ते यादी करणाऱ्यालाच माहीत. तर असा चौदा वर्षांचा हात. टक्केवारीचं साधं गणित आलं, किंमत वीस टक्के वाढवली आणि मग वीस टक्के उतरवली, तर शंभर घेऊन करायचं, चार टक्के तोटा आला, की मग अडीचशे घेऊन पुन्हा. पुन्हाही चारच टक्के. मग पुढं.

गेल्या दीड वर्षात हे वाढलं होतं, हेही त्याला ठाऊक होतं. गॅसचं बटण, कुलूप, मनीच्या दप्तराची चेन. घरातून निघताना तो तीनदा मागं यायचा. सासूबाई बघायच्या, बोलायच्या नाहीत.

सोमवारी नऊ वाजता पहिली चाचणी झाली. सासूबाईंनी स्वयंपाकघरातलं घड्याळ टेबलावर आणून ठेवलं, डाळीला शिट्ट्या मोजाव्यात तशा खुर्ची ओढून समोर बसल्या, आणि चाळीस मिनिटं झाल्यावर पेन त्याच्या हातातून काढूनच घेतलं. सात सोडवले, सातही बरोबर, एकवीस गुण. मंगळवारी आठ, चोवीस गुण. मंगळवारी तपासताना त्यानं उरलेले बारा प्रश्न सावकाश वाचले, आणि त्याच्या जिवाला लागलं. त्यातले सहा तर त्याला बघताक्षणी येत होते. सोळावा, सतरावा, एकोणिसावा. आणि तो मात्र चौथ्या प्रश्नातल्या गोल टेबलाभोवती आठ माणसं बसवत बारा मिनिटं घाम गाळत होता. तांबड्या सदऱ्याचा डॉक्टरच्या समोर नाही, वकील निळ्याच्या उजवीकडे.

"आठ माणसं जेवायला बसवायला मला बारा मिनिटं लागली असती तर तुमच्या लग्नात माणसं उपाशी परत गेली असती, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं ठरवलं, उद्यापासून दुसऱ्यांदा हिशेब करायचा नाही. एकदाच. आलं उत्तर की लिहायचं आणि पुढं पळायचं.

बुधवारी तो पळालाच. चाळीस मिनिटांत सतरा प्रश्न. पेन ठेवलं तेव्हा त्याला बऱ्याच दिवसांनी बरं वाटत होतं, छाती भरून आल्यासारखं. सासूबाई तपासत गेल्या. बरोबर, चूक, चूक, बरोबर, चूक. नऊ बरोबर, आठ चूक. सत्तावीस वजा आठ, एकोणीस.

"मंगळवारपेक्षा दुप्पट कष्ट," त्या म्हणाल्या, "आणि पाच गुण कमी. हा सौदा कुठल्या दुकानातला?"

त्याला राग आला, पण वजाबाकीवर रागावून चालत नाही. वेग ही सवयीची गोष्ट आहे, दोन दिवसांत चुका कमी होतील, असं काहीसं तो बोलला आणि चुकांची वही न उघडताच कामावर गेला. रस्त्यानं चालताना डोक्यात गणितं चालू होती. दुकानांच्या पाट्यांवरच्या सवलती बघून तो मनात उत्तरं काढत होता. एकदाच, पटकन, पुढं.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला मुलांच्या वॉर्डातून एक चिठ्ठी आली. बारा किलोचं मूल, ताप. सिरप द्यायचं होतं, किलोला पंधरा मिलिग्रॅम या मापानं. बारा पंधरे एकशेऐंशी. पाच मिलीत एकशेवीस, म्हणजे साडेसात मिली. त्याच्या हातानं लेबल लिहिलं, बाटलीला लावलं, आणि ती बाटली सरकवून तो पुढच्या चिठ्ठीकडे वळला. अर्धं मिनिटही लागलं नाही.

दुसऱ्या सहीनं बाटली उचलली. चष्मा लावला. बाटली फिरवली. मग त्याच्यासमोर परत ठेवली आणि बाटलीवरच्या छापील ओळीवर नख टेकवलं.

पाच मिलीत दोनशे पन्नास.

दुकानात दोन्ही प्रकारच्या बाटल्या होत्या, पातळही आणि दाटही. फळीवरून त्यानं दाट उचलली होती आणि हिशेब पातळचा केला होता. साडेसात मिली दिलं असतं तर मुलाला दुपटीहून जास्त औषध गेलं असतं. खरं माप तीन पूर्णांक सहा मिली.

"हिशेब बरोबर आहे," दुसरी सही म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "बाटली दुसरी आहे."

त्यानं लेबल फाडलं, दुसरं लिहिलं, तिनं सही केली, बाटली गेली. नियमाप्रमाणं नोंदवहीत चूक लिहायची असते, जी काउंटरवरच सापडली तीसुद्धा. ती त्यानं स्वतः लिहिली. चौदा वर्षांत त्याच्या नावावर अशी पहिली नोंद. दुसरी सही एवढंच म्हणाली, की माझ्या नावावर तीन आहेत, आणि ज्याच्या नावावर एकही नाही तो एकतर नवा असतो नाहीतर लिहीत नाही. त्यानं मान हलवली. पण उरलेल्या पाळीत त्यानं प्रत्येक बाटली तिनं हातात घ्यायच्या आधी तीनदा वाचली आणि काउंटरवर रांग लागली.

गुरुवारी तो सहाला उठला, पण पुस्तक उघडलं नाही. मनीला शाळेत सोडून आला. नऊ वाजले तेव्हा सासूबाई टेबलाशी घड्याळ घेऊन बसल्या होत्या आणि तो खिडकीशी उभा होता. त्यानं सांगितलं, की आता चाचणी नको. परीक्षाच नको. आणि मग कालचं सगळं सांगितलं, बाटली, नख, वहीतली नोंद.

"पळायला शिकलो आणि दुसऱ्याच दाराशी जाऊन आपटलो," तो म्हणाला. "माझ्या धंद्यात पळणारा माणूस नको असतो, आई. दोनदा बघणाराच हवा. ती परीक्षा मला उलटं शिकवते. मला ते शिकायचं नाही."

सासूबाईंनी घड्याळ पालथं ठेवलं. त्या म्हणाल्या, की ठीक आहे, नका देऊ, कोणी जबरदस्ती केली नाही. पण मग त्यांनी विचारलं, की हे दोनदा बघणं कधीपासूनचं. दुकानातलं त्यांना माहीत होतं. त्यांना घरातलं विचारायचं होतं.

मग त्यानं जे सांगितलं ते त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोचा रक्ताचा एक रिपोर्ट आला होता, ती जाण्याच्या पाच महिने आधी. संध्याकाळी कामावरून आल्यावर तिनं तो त्याला दाखवला होता. एक आकडा थोडा वर होता. बाकीचे ठीक होते. त्यानं पाहिलं, ताप येऊन गेलाय म्हणून असेल असं म्हणाला, आणि घडी करून तिला परत दिला. एकदाच वाचला होता.

सासूबाईंनी हात मांडीवर ठेवले. स्वयंपाकघरात नळाखाली बादली भरून वाहायला लागली होती, त्यांनी उठून नळ बंद केला आणि परत येऊन बसल्या. तो रिपोर्ट तिनं मलाही वाचून दाखवला होता फोनवर, त्या म्हणाल्या. डॉक्टरनंही बघितला होता, तिच्यासमोर, दोनदा. एक महिन्यानं परत करू म्हणाला. परत केला तेव्हा तो आकडा खाली आलेला होता, हे तुम्ही विसरलात. ज्यानं गेली, ते त्या कागदात नव्हतंच. ते नंतर कळलं आणि दुसरीकडेच होतं.

त्याला ते खरंच आठवत नव्हतं. नंतरचा रिपोर्ट. तिनं दाखवला असेलही. दीड वर्ष तो एकच कागद उलटसुलट वाचत होता.

कोणी रडलं नाही. रडून झालेलं होतं.

मग सासूबाईच उठल्या आणि बुधवारची तपासलेली चाचणी आणि ती न उघडलेली वही घेऊन आल्या. परीक्षा द्यायची नाही तर नका देऊ, पण एवढं बघून तर ठेवू, म्हणाल्या. चुका कशाच्या आहेत ते. आठ चुका. त्यानं नाइलाजानं एकेक प्रश्न वाचला आणि पुढं कारण लिहिलं. पहिली चूक, गणित बरोबर, पण विचारलं होतं 'किती उरले' आणि यानं दिलं 'किती खर्च झाले'. दुसरी, तक्त्यात आकडे हजारांत होते आणि यानं शेकड्यांत धरले. तिसरी तशीच. आठात पाच चुका अशा निघाल्या, की हिशेब बरोबर आणि प्रश्न दुसराच. उरलेल्या तीन प्रश्नांत त्याला मुळात काहीच येत नव्हतं, तरी त्यानं उत्तर ठोकून दिलं होतं.

"म्हणजे तुमचा हिशेब कधी चुकतच नाही," सासूबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही दुसऱ्यांदा तपासता तो हिशेबच."

तो वहीकडे बघत राहिला. कालची बाटली तिथंच होती, त्या पाच ओळींत.

सासूबाई सत्तावीस वर्षं टपाल खात्यात पत्रांच्या वर्गवारीवर होत्या. ते त्यांनी कधी फारसं सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काय आहे, पत्र उचलायचं आणि कप्प्यात टाकायचं. पण आता त्यांनी टेबलावर हातानंच कप्पे आखून दाखवले. समोर कप्प्यांची मांडणी, हातात गठ्ठा, आणि गाडी सुटायची वेळ ठरलेली. नवीन आलेली पोरं दोन तऱ्हेची असत. एक तऱ्हा न कळणारा पत्ता घेऊन दिव्याखाली धरून बसे, आणि मागं गठ्ठा तुंबे. दुसरी तऱ्हा घाईघाईनं कुठल्याही कप्प्यात टाकून मोकळी होई, आणि पत्र चौथ्या दिवशी भलत्याच गावाहून परत येई. दोघांनाही साहेब सारखाच ओरडे.

"आणि तुम्ही?"

"खाली उजवीकडे एक कप्पा असायचा, न कळणाऱ्या पत्त्यांचा. वाचलं, कळलं, तर आपल्या कप्प्यात. नाही कळलं तर त्यात, आणि हात पुढच्या पत्रावर. गाडीला द्यायचे गठ्ठे बांधून झाले की मग तो कप्पा घेऊन बसायचं निवांत. त्यातलीही निम्मी सुटायची. उरलेली तशीच दुसऱ्या खोलीत पाठवायची. ती काय आपली चूक नव्हती." त्या थांबल्या. "मी कधी भराभर वाचलं नाही हो. मी वाचत होते तशीच वाचायची. पटापट व्हायचं ते हे, की कुठलं आत्ता वाचायचं नाही."

त्यानं हिशेब केला, सवयीप्रमाणं. विभागाला अकरा बरोबर, एकही चूक नाही, तर तेहतीस. तीन विभागांचे नव्व्याण्णव. शहाण्णवच्या वर. वीसपैकी अकरा. म्हणजे नऊ सोडायचे, चुकून सुटले म्हणून नाही, हातानं उचलून बाजूला ठेवून.

अकरा वाजत आले होते. त्यानं घड्याळ सुलटं केलं आणि गुरुवारची चाचणी मागितली.

ती त्यानं अशी सोडवली. आधी सगळे वीस प्रश्न नुसते वाचले, चार मिनिटं. येणाऱ्याला गोल, विचार करावा लागेल त्याला आडवी रेघ, आणि आठ माणसं बसवायची असतील त्याला फुली. मग गोल केलेले सोडवले. हिशेब एकदाच, पण उत्तर लिहिण्याआधी प्रश्नाची शेवटची ओळ पुन्हा वाचायची, बाटली फिरवून बघतात तशी. दहा सेकंदांचं काम. दहा प्रश्न झाले, नऊ बरोबर, एक चूक. सव्वीस. सासूबाईंनी रकान्यात खूण केली आणि म्हणाल्या, की दोन गुणांनी का होईना, मंगळवारच्या वर.

शुक्रवारच्या पूर्ण सराव परीक्षेत तीस, बत्तीस आणि सत्तावीस आले. एकोणनव्वद. सात कमी. शिवाय तिसऱ्या विभागात तीसही नाहीत. तिथं तो एका तक्त्यावर अडकला होता, फुली मारूनही परत जाऊन. सासूबाईंना त्यानं कबूल केलं, की सोडलेला प्रश्न पाठीमागं उभा राहून खांद्यावर टकटक करतो. त्या म्हणाल्या, की पत्रंही करायची.

शनिवारी सुट्टी घेऊन त्यानं वही वाचली, सूत्रांचं एक पान वाचलं, प्रवेशपत्र आणि ओळखपत्र एका पाकिटात घातलं. तीनदा उघडून बघावंसं वाटलं. एकदा बघितलं, मग पाकीट सासूबाईंच्या कपाटात ठेवून दिलं, म्हणजे विचारल्याशिवाय हात लागणार नाही. संध्याकाळी मनीनं त्याची दहा प्रश्नांची चाचणी घेतली. तिचे प्रश्न तिनंच काढले होते आणि त्यातल्या चारांची उत्तरं तिला स्वतःलाच येत नव्हती, म्हणून ती त्याला सोडून द्यायला सांगत होती.

रविवारी परीक्षेच्या ठिकाणी रांगेत बहुतेक सगळे त्याच्याहून लहान होते. एकानं त्याला पर्यवेक्षक समजून स्वच्छतागृह कुठं आहे ते विचारलं.

पडद्यावर उजवीकडे वीस चौकोन होते, आणि प्रश्न नंतर बघण्यासाठी खूण करायची सोय होती. पहिला विभाग उताऱ्यांचा. त्यानं आधी सगळं वाचून घेतलं. तीन उतारे सोडवले, चौथा लांबलचक होता आणि पहिल्या परिच्छेदात काहीच कळलं नाही, तो ठेवला. दुसऱ्या विभागात आठ नव्हे, नऊ माणसं टेबलाभोवती होती. त्यानं त्यांना तसंच उभं ठेवलं.

तिसऱ्या विभागात तेरा उत्तरं झाली तेव्हा सहा मिनिटं उरली होती. खूण करून ठेवलेले चार प्रश्न होते. त्यातला एक जवळजवळ येत होता. त्याचा हात माउसवर तिकडे गेला. सहा मिनिटांत तो कदाचित सुटला असता. कदाचित न सुटता सहाच्या सहा मिनिटं गेली असती. त्यानं हात काढून घेतला आणि सुटलेल्या तेरा प्रश्नांच्या फक्त शेवटच्या ओळी वाचायला घेतल्या. हिशेबाला हात लावायचा नाही, नुसतं काय विचारलंय ते.

आठव्या उत्तरावर तो थांबला. एक माणूस काम बारा दिवसांत करतो, दुसरा अठरा. दोघं चार दिवस बरोबर करतात, मग पहिला निघून जातो. त्यानं काढलं होतं, उरलेलं काम दुसरा आठ दिवसांत संपवेल, आणि पर्यायांत आठ होते, म्हणून निर्धास्तपणे निवडले होते. शेवटची ओळ म्हणत होती, संपूर्ण काम एकूण किती दिवसांत होईल.

चार आणि आठ बारा. पर्यायांत बाराही होते. त्यानं उत्तर बदललं, आणि उरलेली ओळ-ओळ वाचून होईपर्यंत पडदा आपोआप बंद झाला.

निकाल बारा दिवसांनी लागला, दुपारी, तो काउंटरवर असताना. तेहतीस, छत्तीस आणि एकतीस. बरोबर शंभर. प्रवेश या वर्षी सत्त्याण्णवला थांबला होता. दुसऱ्या सहीनं आकडे बघितले आणि एकतीसवर बोट ठेवून विचारलं, की हा इतका काठावर कसा. त्यानं बारा दिवस आणि आठ दिवसांची गोष्ट सांगितली. ते उत्तर तसंच राहिलं असतं तर तीन गुण जाऊन वर एक वजा, म्हणजे सत्तावीस. तीसच्या आत. सगळंच गेलं असतं.

"मग त्या खोलीत दुसरी सही कोणी केली?" तिनं विचारलं.

"मीच," तो म्हणाला. "पण बाटलीवर. हिशेबावर नाही."

ती काही तरी पुटपुटली आणि पुढची चिठ्ठी ओढली.

घरी आला तेव्हा मनी झोपली होती. सासूबाईंना फोनवर कळलेलंच होतं. त्यांनी ताट वाढलं आणि समोर बसल्या. प्रवेशाचं पत्र कधी येईल, दिवसाची जागा कधीपासून, हे त्यांनी विचारून घेतलं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून, त्यानं सांगितलं. मनीची शाळा सुटल्यावर तीनपासून तो घरी येईपर्यंत तिनं शेजारच्या मैत्रिणीकडे थांबायचं, तिच्या आईशी तो बोलला होता. आणि शनिवार-रविवार वर्ग असतील तेव्हा त्याची बहीण येणार होती.

"सगळं बघून ठेवलंत की," सासूबाई म्हणाल्या.

"तुमचं तिकीट तीन तारखेचं काढू का?"

सासूबाईंनी भाताचं भांडं जवळ ओढलं, त्याला वाढलं, आणि झाकण शोधत राहिल्या, जे त्यांच्या दुसऱ्याच हातात होतं. मग म्हणाल्या, की पाच तारखेचं काढा, पहिले दोन-चार दिवस तुम्ही वेळेवर घरी येता की नाही, ते मला बघू दे.

"येईन, आई."

"ते माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तरी पाचचंच काढा."

त्यानं फोन उचलला आणि पाच तारखेचं तिकीट काढलं. पैसे भरण्याआधी तारीख, गाडी आणि त्यांचं नाव वाचून बघितलं, एकदा, आणि बटण दाबलं.